अभिनंदनाच्या पत्रातला एक प्रश्न

"एखाद्या संभाव्य ग्राहकाला पुरस्कार मिळाला किंवा त्यांनी मोठा टप्पा गाठला, की अभिनंदन करावेसे वाटते. पण मला त्यांना माल विकायचा आहे हे त्यांनाही कळते आणि मलाही. लिहिलेले माझे मलाच लाळघोटेपणाचे वाटते, आणि उत्तरही येत नाही. अशा वेळी गप्प राहणेच अधिक प्रामाणिक नाही का?"

हे विचारणारे गृहस्थ कारखान्यांना लॉकआउट-टॅगआउटचे साहित्य पुरवणाऱ्या संस्थेत विक्री अधिकारी आहेत. यंत्राची दुरुस्ती चालू असताना कुणी चुकून ते सुरू करू नये म्हणून वीजपुरवठ्याच्या मुख्य स्विचला कुलूप घालतात आणि काम करणाऱ्याच्या नावाची पट्टी त्यावर अडकवतात. ती कुलपे आणि पट्ट्या ते विकतात. पहिल्या भेटीला येताना अनुत्तरित राहिलेला एक निरोप घेऊन या, असे मी त्यांना सांगितले होते. तो एका कारखान्याच्या सुरक्षा प्रमुखांना पाठवलेला होता: "अपघातविरहित १० लाख मनुष्य-तासांचा टप्पा गाठल्याबद्दल आपले व आपल्या सर्व सहकाऱ्यांचे हार्दिक अभिनंदन! आपले नेतृत्व प्रेरणादायी आहे. या निमित्ताने आमच्या उत्पादनांचे माहितीपत्रक सोबत जोडत आहे."

मी "या निमित्ताने" या शब्दांवर बोट ठेवले. वाचणारा तिथे पोहोचतो आणि आधीची दोन वाक्ये कशासाठी लिहिली होती हे त्याला मागे वळून कळते. मात्र मला अधिक खटकले ते पहिले वाक्य, कारण त्यात आकडा होता आणि त्या आकड्याचा अर्थ लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हता. १० लाख तास म्हणजे नेमके किती, असे मी विचारले तेव्हा ते थांबले. आम्ही कागदावर हिशेब मांडला. त्या कारखान्यात सुमारे ४०० माणसे आहेत. रोजचे ८ तास आणि वर्षाचे ३१२ कामाचे दिवस धरले, तर ९ लाख ९८ हजार ४०० तास होतात. म्हणजे साधारण वर्षभरात तिथल्या एकाही माणसाला, पुढच्या पाळीला कामावर येता येणार नाही, अशी इजा झालेली नाही.

हिशेब झाल्यावर त्यांचा चेहरा बदलला. मघापर्यंत जो आकडा त्यांना पत्र लिहिण्याचे कारण तेवढा वाटत होता, त्यात आता त्यांना धडधाकट घरी गेलेली माणसे दिसू लागली होती. माझ्या मते अभिनंदन करण्याचा अधिकार इथून सुरू होतो.

पण केवळ आकड्याचे कौतुक करणे या क्षेत्रात जोखमीचे असते. अपघात शून्यावर राखण्याचा दबाव वाढला, की लहानसहान इजा नोंदवल्याच जात नाहीत, आणि ही गोष्ट प्रत्येक जाणता सुरक्षा अधिकारी ओळखून असतो. त्यामुळे "शून्य अपघात, वाहवा!" असे बाहेरच्या माणसाने लिहिले, की त्याला काम कळलेले नाही हे लगेच दिसते. म्हणून मी त्यांना कारखान्याने प्रसिद्ध केलेली मूळ बातमी पुन्हा, शेवटपर्यंत वाचायला लावली. शीर्षकात १० लाख तास होते. परंतु अखेरच्या परिच्छेदात एक ओळ अशी होती की, थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या नोंदी वर्षभरात ४० वरून १६० वर गेल्या. नवख्याला ही वाढ वाईट वाटेल. जाणकाराला मात्र त्यातून कळते की, हातून हातोडा निसटला आणि कुणाला लागला नाही, तरी ते सांगायला कामगार आता भीत नाहीत. खरे यश त्या ओळीत होते.

त्यांनी नवे पत्र तिथेच बसून लिहिले. मी फक्त विशेषणे खोडली. "आपल्या कारखान्याची बातमी वाचली. १० लाख तासांबद्दल अभिनंदन. मला विशेष वाटले ते टळलेल्या अपघातांच्या नोंदी चौपट झाल्याचे. सुरुवातीला नोंदी वाढू लागल्या तेव्हा, हे बिघडत नसून सुधारत आहे, हे वरिष्ठांना कसे पटवून दिलेत?" खाली नाव, पद आणि आपण काय विकतो हे एका ओळीत. माहितीपत्रक नाही, भेटीची विनंती नाही.

ती शेवटची ओळ गाळावी, म्हणजे पत्र निरपेक्ष वाटेल, असे त्यांचे म्हणणे होते. मी ठाम नकार दिला. विक्रेता असल्याचे लपवून केलेले कौतुक पुढच्या पत्रात उघडे पडते आणि मग आधीचे खरे शब्दही खोटे ठरतात. आपण कोण हे दोघांनाही ठाऊक आहे, ही ज्या गोष्टीची त्यांना लाज वाटत होती, ती उघड लिहिली की तिचा बोजा उरत नाही. पत्र पाठवण्यापूर्वी मी त्यांना एकच विचारले: यांच्याकडून कधीच खरेदी होणार नाही असे आज कळले, तरी या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला हवे आहे का? ते हो म्हणाले आणि मला ते खरे वाटले.

उत्तर सहाव्या दिवशी आले. सुरक्षा प्रमुखांनी लिहिले होते की, बहुतेकांनी आकड्याबद्दल लिहिले, नोंदींबद्दल कुणी विचारले नव्हते. वरिष्ठांना पटवणे जमले, पण कंत्राटी दुरुस्ती कामगार अजूनही काही सांगायला बिचकतात. हे वाचताच आमच्या गृहस्थांना कुलपांचा संच सुचवावासा वाटला, कारण कंत्राटी दुरुस्ती म्हणजे त्यांच्या मालाचेच क्षेत्र. नेमकी इथे मोठी चूक होते. समोरच्याने आपली अडचण विश्वासाने सांगितली आणि आपण तिला लगेच गिऱ्हाईक समजून धरले, की पहिले पत्रही सापळाच होता असे त्याला वाटते. मी त्यांना आधी त्या अडचणीला उत्तर द्यायला सांगितले. दुसऱ्या एका ठिकाणी कंत्राटी कामगारांच्या नोंदी त्यांच्या ठेकेदाराकडे न जाता थेट सुरक्षा विभागाकडे जाऊ लागल्यावर संकोच कमी झाल्याचे त्यांनी पाहिले होते. ठिकाणाचे नाव न घेता त्यांनी ते कळवले. शेवटी एवढेच लिहिले: "कंत्राटी दुरुस्तीच्या वेळी कुलपे कुणाच्या ताब्यात असतात, हा माझ्या कामाचा विषय आहे. त्यावर बोलणे आपल्याला उपयोगी वाटले, तर कळवा."

तीन आठवड्यांनी त्यांना बोलावणे आले. खरेदी अद्याप झालेली नाही.

गप्प राहणे योग्य ठरेल असेही प्रसंग आहेत. प्रवेशशुल्क भरले की जवळपास प्रत्येकाला मिळणारे पुरस्कार असतात. त्यांत कौतुकाजोगे काही सापडले नाही, तर पत्र लिहू नये. नामांकनालाच पुरस्कार समजून अभिनंदन केले किंवा एका शाखेचे यश दुसऱ्या शाखेच्या प्रमुखाला बहाल केले, तर मौन कितीतरी बरे होते असे म्हणावे लागते. आणि वर्धापनदिनाच्याच आठवड्यात तिथे नोकरकपात झाली असेल, तर उत्सवाचा सूर आत काम करणाऱ्याला बोचतो. गेल्या महिन्यात या गृहस्थांनी मला दुसऱ्या एका कारखान्याच्या पुरस्काराची बातमी दाखवली. ती त्यांनी दोनदा वाचली होती, विचारावेसे काही मिळाले नव्हते, म्हणून त्यांनी पत्र लिहिले नव्हते.