वरचा मजला घेतला म्हणजे डासांपासून सुटका होते का?

प्रश्न: मुंबईत परळच्या आसपास भाड्याने फ्लॅट बघतोय. पाऊस ओसरल्यावर डेंग्यू-मलेरिया वाढतो असं ऐकलंय. वरचा मजला घेतला तर धोका कमी होतो का? फ्लॅट बघताना नेमकं काय तपासू?

उत्तर: वरच्या मजल्यावर भरवसा ठेवू नका. मुंबईत मलेरिया पसरवणारा ॲनॉफिलीस स्टीफेन्सी डास गच्चीवरच्या टाक्यांतही वाढतो, त्यामुळे सगळ्यात वरचं घर कधीकधी त्याच्या सगळ्यात जवळ असतं. लोक खालचं गटार बघून नाक मुरडतात. पण गटारात होणारा क्युलेक्स डास छळतो भरपूर, डेंग्यू-मलेरिया मात्र देत नाही.

म्हणून एजंट हॉल दाखवत असतानाच गच्चीची चावी मागा. टाकीचं झाकण घट्ट बसतं का, ते तुटून वर फरशी तर ठेवलेली नाही ना, ओव्हरफ्लोच्या पाइपच्या तोंडाला जाळी आहे का, एवढं बघा. झाकण उघडता आलं तर मोबाइलचा टॉर्च आत मारा. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडव्या पडलेल्या अळ्या ॲनॉफिलीसच्या. डोकं खाली करून लटकणाऱ्या, डेंग्यू पसरवणाऱ्या एडिसच्या किंवा क्युलेक्सच्या. मग गच्चीवरूनच शेजारी नजर टाका. अर्धवट बांधकाम, पाणी साचलेला स्लॅब, शेडवरची खोलगट ताडपत्री दिसली तर मी तरी तो फ्लॅट सोडून देईन. तिथलं पाणी काढणं तुमच्या हातात नसतं, आणि डेंग्यूचा एडिस सहसा शे-दोनशे मीटरच्या आतच फिरतो.

राहायला गेल्यावर मात्र एडिस बहुधा घरातच सापडतो. आमच्याकडे तो फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये निघाला. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजचं वितळलेलं पाणी तिथे जमतं, आणि फ्रिज भिंतीला टेकलेला असल्यामुळे कोणी बघत नाही. मनी प्लांटची बाटली, कुंडीखालची ताटली, एसीच्या नळीखालची बादली, वापरात नसलेलं संडासाचं भांडं, ही बाकीची ठिकाणं.

यात नुसतं पाणी ओतून भागत नाही. एडिसची मादी अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या कडेला चिकटवते. ती कोरडी पडून महिनोनमहिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. म्हणून घासणीने कडा खरवडून घासायच्या, आठवड्यातून एकदा, वार ठरवून. अंड्यापासून डास व्हायला मुंबईच्या हवेत आठ-दहा दिवस लागतात. आठवडा चुकला की डास उडाला.

एडिस दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्ताआधी, तर मलेरियाचा डास रात्री. रात्रीपुरती मच्छरदाणी अर्धंच काम करते, तेव्हा खिडक्यांना जाळी बसवून घेण्याचं घरमालकाशी टोकन देण्याआधीच बोला. नंतर कोणी ऐकत नाही.

ऑक्टोबरात ताप आलाच तर डॉक्टर डेंग्यू आणि मलेरिया, दोन्हीच्या तपासण्या सांगतील. एनएस१ या रक्ततपासणीत डेंग्यू पहिल्या पाच दिवसांतच नीट सापडतो, म्हणून थांबू नका. तोवर फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरल्यावर पोट दुखायला लागलं किंवा उलट्या थांबेनात, तर लगेच हॉस्पिटल गाठा.