ΔG ‘जास्त ऋण’ म्हणजे अभिक्रिया ‘जास्त अनुकूल’ का?

प्रश्न: «कार्बन जळताना तापमान वाढवलं तर ΔG किंचित जास्त ऋण होतो. मग ‘तापमान वाढल्यावर ज्वलन जास्त अनुकूल होतं’ असं लिहिणं बरोबर का? उष्मादायी अभिक्रिया तापमान वाढवल्यावर मागे सरते, असंही वाचलंय. आणि गिब्ज-हेल्महोल्ट्झ समीकरणात ΔG ला T ने भागतात ते कशासाठी?»

नाही, तसं लिहू नये. एकाच तापमानाला दोन अभिक्रियांची तुलना करायची असेल तर ‘जास्त ऋण’ आणि ‘जास्त अनुकूल’ हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात. तापमान बदललं की चालत नाहीत. अभिक्रिया कुठवर जाईल हे समतोल स्थिरांक K सांगतो, आणि ln K = −ΔG/RT. म्हणजे पाहायचं ते ΔG कडे नव्हे, ΔG/T कडे. (इथल्या सगळ्या किमती प्रमाण अवस्थेतल्या, 1 बार दाबाच्या आहेत.)

स्थिर दाबाला G चा तापमानाशी उतार −S असतो. G/T चं भागाकाराच्या नियमानं विकलन केलं की −S/T − G/T² मिळतं. G + TS = H असल्यानं त्याचं −H/T² होतं. अभिक्रियेसाठी लिहायचं तर:

d(ΔG/T)/dT = −ΔH/T²

T ऐवजी 1/T हा चल घेतला तर उतार थेट ΔH येतो. ऋण चिन्ह आणि T² दोन्ही जातात. परीक्षेत चिन्हाची चूक होते ती बहुधा या दोन रूपांची सरमिसळ केल्यामुळे.

थोडक्यात, ΔG कुठल्या दिशेला जाईल हे ΔS ठरवतो आणि ΔG/T कुठल्या दिशेला जाईल हे ΔH ठरवतो. T ने भागण्याचा खरा अर्थही इथंच कळतो. −ΔG/T म्हणजे प्रणाली आणि परिसर यांच्या एन्ट्रॉपीत मिळून झालेली वाढ. अभिक्रियेतून बाहेर पडलेली तेवढीच उष्णता गरम परिसरात गेली तर त्याची एन्ट्रॉपी कमी वाढते. म्हणून उष्मादायी अभिक्रियेचा जोर तापमानाबरोबर ओसरतो.

आता C + O₂ → CO₂ घेऊ. 298.15 केल्विनला ΔH = −393.51 आणि ΔG = −394.36 किलोज्यूल प्रति मोल. 1000 केल्विनला ΔG किती? ΔH स्थिर धरून समीकरणाचं संकलन केलं की:

ΔG₂/T₂ = ΔG₁/T₁ + ΔH(1/T₂ − 1/T₁)

पहिलं पद −394.36/298.15 = −1.32269. कंसातली किंमत 0.001 − 0.00335402 = −0.00235402, तिला −393.51 ने गुणलं की +0.92633. बेरीज −0.39636 किलोज्यूल प्रति केल्विन, आणि 1000 ने गुणल्यावर ΔG = −396.4 किलोज्यूल. कोष्टकातली किंमत सुमारे −395.9 आहे, म्हणजे उत्तर छान जुळलं.

ΔG जेमतेम दोन किलोज्यूलनं खाली गेला, कारण इथं ΔS फक्त +2.9 ज्यूल प्रति केल्विन आहे. ΔG/T मात्र −1.32 वरून −0.40 वर चढला. हे ज्यूलमध्ये बदलून, चिन्ह उलटवून R म्हणजे 8.314 ने भागून पाहा: ln K 159 वरून 47.7 वर येतो, म्हणजे K सुमारे 10⁶⁹ वरून 5 × 10²⁰ वर. ΔG ‘जास्त ऋण’ झाला आणि K तब्बल अठ्ठेचाळीस घातांनी घसरला! ज्वलन तरीही पूर्णच होतं म्हणायचं, पण ‘जास्त अनुकूल’ नक्कीच नाही.

गणित करताना 1/T च्या किमती लवकर पूर्णांकित करू नका. 1/298.15 साठी 0.0034 घेतलं तर कंसात −0.0024 येतं आणि ΔG निघतो −378. नुसत्या पूर्णांकनानं 18 किलोज्यूलची चूक! ती पकडायला सोपा ताळा म्हणजे ΔH − TΔS: −393.51 − 1000 × 0.00285 = −396.36. दोन्ही उत्तरं तंतोतंत जुळायलाच हवीत, कारण ΔH स्थिर धरला की हे एकच समीकरण दोन तऱ्हांनी लिहिलेलं असतं.

मात्र ΔH स्थिर धरणं दर वेळी इतकं निभत नाही. कार्बनच्या ज्वलनात अभिकारक आणि उत्पादित यांच्या उष्माधारकता जवळजवळ सारख्या, म्हणून निभलं. N₂ + 3H₂ → 2NH₃ मध्ये वायूचे चार मोल जाऊन दोन उरतात आणि उष्माधारकतेत सुमारे −45 ज्यूल प्रति केल्विन फरक पडतो. 298.15 केल्विनच्या ΔH = −92.22 आणि ΔG = −32.90 वरून याच सूत्रानं 500 केल्विनला ΔG = +7.3 किलोज्यूल येतो. उष्माधारकतेचा फरक धरला की तो +9.8 होतो. ln K मध्ये हा फरक 0.6 चा, म्हणजे पहिल्या उत्तरानं काढलेला K खऱ्यापेक्षा जवळपास दुप्पट येतो.