प्लास्टिकची हातोडी देऊ नका

प्रश्न: नणंदेच्या मुलीला सातव्या वाढदिवसाला टूलकिट आणि माझ्या पाच वर्षांच्या मुलाला किचन सेट द्यायचा विचार आहे. सासरचे नावं ठेवतील का? आणि टूलकिट कोणतं घ्यावं?

नावं ठेवतील. तुम्ही पैठणी दिलीत तरी ठेवतील, तेव्हा ते सोडा. दुसऱ्या प्रश्नावर मात्र मला बोलायचंय, कारण तिथे मी तोंडावर आपटले आहे.

भाचीच्या सातव्या वाढदिवसाला मी हौसेने टूलकिट नेलं. लाल-पिवळी पेटी, आत हातोडी, करवत, पाना, नटबोल्ट, सगळं प्लास्टिकचं. पहिल्या दिवशी तिने सगळे नट दहादा लावले, काढले. दुसऱ्या दिवशी घरातली डुगडुगणारी खुर्ची दुरुस्त करायला बसली. स्क्रू ड्रायव्हरचं टोक खऱ्या स्क्रूच्या खाचेत बसेना. खिळा ठोकायला गेली तर हातोडीलाच खळगा पडला. तिसऱ्या दिवशी पेटी पलंगाखाली गेली आणि दादा म्हणाला, "बघ, मुलींना नसते असल्या कामांची आवड. उगाच पैसे घालवलेस."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय. बाबांचं मिरजेत सायकलचं दुकान होतं. पंक्चर काढायला दादा आणि मी दोघंही बसायचो. सोल्युशन लावल्यावर ते थोडं सुकून चिकट होईपर्यंत थांबावं लागतं. दादाला तेवढा धीर नसायचा, त्यामुळे त्याचं ठिगळ चार दिवसांत सुटायचं. माझं नाही सुटायचं. तरी दिवाळीत मेकॅनो त्याला आणि स्टीलची भातुकली मला.

तर पुढच्या वाढदिवसाला मी खेळण्यांच्या दुकानात गेलेच नाही, हार्डवेअरच्या दुकानात गेले. १०० ग्रॅमची हातोडी घेतली. तिचा दांडा मुलीच्या हातात मावतो. जड हातोडी दिली की मनगट वळतं आणि खिळा वाकडा जातो. एक छोटा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, एक सपाट टोकाचा, एक पक्कड, मीटरपट्टी आणि गॉगल. तयार सेट घेतलात तर त्यातला टेस्टर आधी काढून घ्या. बऱ्याच सेटमध्ये तो असतो, आणि मुलं तो थेट प्लगमध्ये घालतात.

सोबत लाकूड दिलं नाहीत तर सगळं व्यर्थ. सागवान नको, कडक असतो. पॅकिंगच्या खोक्याचं मऊ लाकूड चालतं, पण ठोकळा दोनेक इंच जाड हवा, म्हणजे एक इंची खिळा पलीकडून बाहेर येत नाही. खिळा बोटांनी धरायचा नाही, कपड्यांच्या चिमट्यात धरायचा. एवढ्या एका गोष्टीने भीती जाते. स्क्रूसाठी आधी त्याच्याहून बारीक भोक तुम्ही पाडून द्या आणि स्क्रूच्या आट्यांना साबण चोळा, नाहीतर लहान हातांना तो फिरत नाही. ड्रायव्हर घसरून खाच गुळगुळीत व्हायला लागली, तर एकतर त्याचं टोक मापाचं नाही किंवा मुलीने तो तिरपा धरलाय. "जोर लाव" म्हणू नका, टोक बदला किंवा सरळ धरायला शिकवा.

मग ती डुगडुगणारी खुर्ची पुन्हा काढली. स्क्रू नुसताच गोल फिरत होता, कारण भोक सैल झालं होतं. भाचीने आगपेटीच्या दोन काड्यांची गुलं मोडली, काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात खुपसल्या, वर आलेली टोकं तोडली आणि रात्रभर वाळू दिलं. सकाळी स्क्रू कचकचीत बसला. म्हणजे आवड होतीच. पहिलं खेळणंच कुचकामी होतं, आणि त्याचा ठपका पोरीवर आला.

मुलाच्या किचन सेटचंही तेच. प्लास्टिकच्या शेगडीऐवजी छोटं पोळपाट-लाटणं आणि रोज कणकेचा एक गोळा द्या. पाच वर्षांच्या मुलाला गोल पोळी जमत नाही, नकाशे होतात, ते भाजून त्यालाच खायला घाला.

हो, नणंदेच्या मुलीने बाहुली मागितली असेल तर बाहुलीच द्या. तिच्या वाढदिवशी आपलं म्हणणं सिद्ध करायला जाऊ नका. (मी गेले होते, कबूल.) आणि पहिले काही दिवस शेजारी बसायला वेळ नसेल तर हातोडी देऊच नका.

एक मात्र विचारा. तुमच्या सासऱ्यांची किंवा वडिलांची जुनी हत्यारं घरात आहेत का? असली तर त्यातलं एखादं त्या मुलीला द्या, नवीन घेऊ नका. आमचं दुकान बंद झालं तेव्हा बाबांची हत्यारांची पेटी न बोलता दादाकडे गेली. मला कुणी विचारलंही नाही. ती अजून त्याच्या माळ्यावर गंजतेय, आणि खुर्चीचा पाय हलला की तो भाचीला हाक मारतो.