निफाडची १.८ कोटी आणि पंढरपूरची ७२ लाख: तुलना कशी करावी?

प्रश्न: आम्ही द्राक्षावरची बुरशीनाशके विकतो. या हंगामात निफाडच्या प्रतिनिधीची विक्री १.८ कोटी झाली, पंढरपूरच्या प्रतिनिधीची ७२ लाख. पंढरपूरचा म्हणतो, माझा भागच लहान आहे. कोणाचे काम चांगले, हे आकड्यांवरून कसे ठरवायचे?

उत्तर:

सुरुवात विक्रीच्या आकड्यापासून न करता बाजारक्षमतेपासून करावी, म्हणजे त्या भागातील सर्व बागायतदार मिळून तुमच्या प्रकारच्या औषधांवर एका हंगामात किती खर्च करतात, हे आधी काढावे. कृषी विभागाकडून तालुकावार द्राक्षक्षेत्र मिळते. एकरी खर्च मात्र प्रत्यक्ष विचारूनच काढावा लागतो. प्रत्येक भागातील पंचवीस-तीस बागायतदारांकडून फळछाटणीनंतरच्या फवारण्यांची नोंद मिळवा. निर्यातीसाठी ग्रेपनेटवर नोंदणी केलेल्या बागांना ही नोंद ठेवावीच लागते, त्यामुळे तिथे हे काम सोपे जाते. पोंगा अवस्थेपासून फुलोऱ्यापर्यंत पाऊस लागला की केवड्यासाठीच्या फवारण्या एकदम वाढतात, म्हणून क्षमता दरवर्षी नव्याने काढावी. गेल्या वर्षीच्या क्षमतेवर यंदाची विक्री मोजली, तर पावसाचे श्रेय माणसाला मिळते.

आता हिशेबासाठी काही आकडे धरू. समजा, निफाडच्या प्रतिनिधीकडे २०,००० एकर द्राक्ष आहे आणि एकरी खर्च ९,००० रुपये, म्हणजे क्षमता १८ कोटी. पंढरपूरकडे ६,००० एकर आणि एकरी ६,००० रुपये, म्हणजे ३.६ कोटी. तर निफाडचा बाजारहिस्सा १० टक्के आणि पंढरपूरचा २० टक्के निघतो. बहुतेक कंपन्या इथेच थांबतात आणि पंढरपूरचा प्रतिनिधी दुप्पट चांगला ठरवून मोकळ्या होतात, पण हा निष्कर्षही तितकाच चुकीचा आहे. एका माणसाच्या हंगामातील भेटी मर्यादित असतात. लहान भागात त्याच भेटींत बहुतेक मोठे बागायतदार आणि दुकानदार आटोपतात, तर मोठ्या भागात निम्मेही होत नाहीत. त्यामुळे क्षमता पाचपट झाली म्हणून एका माणसाकडून विक्री पाचपट होत नाही.

ती किती पट व्हायला हवी, हे तुमच्याच सर्व भागांच्या आकड्यांवरून काढता येते. किमान पंचवीस-तीस भागांची विक्री आणि क्षमता घ्या, दोन्हींचे लॉगॅरिदम काढा आणि एक्सेलमधील `LINEST` वापरून त्यांच्यातून सरळ रेषा बसवा. रेषेचा उतार समजा ०.६ आला, तर निफाडची अपेक्षित विक्री पंढरपूरच्या ५^०.६, म्हणजे सुमारे २.६ पट असायला हवी. प्रत्यक्षात ती २.५ पट आहे. हा फरक इतका किरकोळ आहे की दोघांचे काम एकाच तोडीचे मानावे लागेल. विक्री निफाडच्या बाजूने बोलत होती, बाजारहिस्सा पंढरपूरच्या बाजूने, आणि खरे चित्र या दोन्हींहून वेगळे निघाले.

या समीकरणात आणखी काय घालायचे, यावर माझे मत ठाम आहे. जे प्रतिनिधीच्या हातात नाही, तेच घालावे: रुजू होताना त्याला मिळालेले विक्रेते, आधीच्या माणसाने सोडलेला बाजारहिस्सा, दोन गावांमधील अंतर, त्या भागातील जाहिरात खर्च. त्याने केलेल्या भेटी किंवा त्याने स्वतः जोडलेले विक्रेते घालू नयेत. भेटी घातल्या, तर कमी फिरणाऱ्याची अपेक्षित विक्रीही कमी येते आणि त्याचा आळस हिशेबातच माफ होतो. भेटींचा आकडा नंतर, अपेक्षेपेक्षा विक्री कमी का पडली हे शोधताना वापरावा.

विक्री कोणती धरायची, हेही आधी पक्के करा. मार्चअखेरीस दुकानदाराच्या गोदामात माल भरून बिल फाडले, तर प्लेसमेंट झाली, शेतकऱ्यापर्यंतची विक्री म्हणजे लिक्विडेशन नाही. तोच माल पुढे परत येतो. म्हणून दुकानदाराकडील सुरुवातीचा साठा अधिक आलेला माल, वजा परतावा आणि शिल्लक साठा, एवढीच विक्री धरावी. शिवाय मोठ्या बाजारपेठेतील दुकानातून शेजारच्या तालुक्यातले शेतकरीही औषध नेतात. पिंपळगाव बसवंतच्या दुकानाचे बिल निफाडच्या नावावर पडते, पण फवारणी दिंडोरीच्या बागेत झालेली असू शकते. मोठ्या दुकानांच्या उधारीच्या वहीतील गावांची नावे पाहिली की ही गळती किती आहे, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

अपेक्षित आणि प्रत्यक्ष विक्रीतील उरलेला फरक म्हणजे निव्वळ कष्ट नव्हेत. त्यात क्षमतेच्या अंदाजातली चूक आणि नशीबही असते. सलग तीन हंगाम फरक एकाच दिशेने दिसला, तरच त्यावर पगारवाढ किंवा बदलीचा निर्णय घ्यावा. तुमच्या बाबतीत मात्र एक निर्णय आताच विचारात घेण्यासारखा आहे: प्रतिनिधी अपेक्षेइतके काम करूनही निफाडमध्ये हिस्सा १० टक्क्यांवरच राहत असेल, तर तो भाग एका माणसासाठी मोठा आहे. तिथे दुसरा माणूस नेमून मिळणारी जादा विक्री त्याच्या पगार-प्रवासाचा खर्च भरून काढते का, हे त्याच रेषेवरून तपासता येईल.