पेन्शनमधून वसुलीचं पत्र आलं, तेव्हा

"मॅडम, तीन वर्षं झाली मी रिटायर होऊन. आता ऑफिसचं पत्र आलं, की तुम्हाला नोकरीत जादा पगार दिला गेला, दोन लाख चौदा हजार भरा, नाही तर पेन्शनमधून कापू. मी कोणाची लबाडी केली नाही. पण सरकारशी कोण भांडणार? भरून मोकळं व्हावं का?"

भरू नका, आणि पत्र पेटीत दाबूनही ठेवू नका. या दोन टोकांच्या मध्ये करण्यासारखं बरंच आहे.

भंडारा-गोंदियाकडच्या गावांतून माझ्याकडे येणाऱ्या निवृत्त मंडळींकडून हा प्रश्न मी वारंवार ऐकते. कुणी चौकीदार असतो, कुणी वाहनचालक, कुणी कनिष्ठ लिपिक. झोप उडालेली असते, बीपी वाढलेलं असतं, म्हणून डॉक्टर समुपदेशनासाठी माझ्याकडे पाठवतात. खिशात मात्र हे पत्र असतं. यातल्या एका काकाजींची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

काकाजी पाटबंधाऱ्यात कालवा चौकीदार होते. आधी रोजंदारीवर, मग सीआरटीवर, म्हणजे रूपांतरित नियमित अस्थायी आस्थापनेवर आले, पुढे कालबद्ध पदोन्नतीचा, म्हणजे बारा वर्षांच्या नियमित सेवेनंतर वरच्या वेतनश्रेणीचा, लाभ मिळाला. निवृत्तीनंतर सेवापुस्तकाच्या तपासणीत आक्षेप निघाला, की बारा वर्षं मोजताना रोजंदारीचा काळ धरला गेला, लाभ लवकर दिला गेला. म्हणून वीस वर्षांचा फरक एकदम मागितला. ऑफिसातल्या बाबूंनी एक छापील संमतीपत्रही हाती दिलं होतं. "सही करून द्या, हप्ते पाडून देतो, प्रकरण मिटेल."

काकाजींनी सही केली नव्हती, पण करणार होते. धानाची अर्धा एकर बांधी विकायचंही ठरवून टाकलं होतं. पोरगा नागपूरला कंपनीत, त्याला काही सांगितलेलं नाही. चौकात बसणं बंद. पेन्शन काढायलाही बँकेत दुपारी, गर्दी नसेल तेव्हा जायचे.

"पैशाचं जाऊ द्या जी," ते म्हणाले, "उद्या गावात म्हणतील, चौकीदारानं सरकारचा पैसा खाल्ला."

माझा अनुभव मला हेच सांगतो, की माणूस पत्रानं खचत नाही, पत्राचा जो अर्थ तो मनात लावतो त्यानं खचतो. पैशाची चिंता खरी होती, पण बांधी विकायला निघाले होते ते बदनामीच्या भीतीनं. म्हणून "काळजी करू नका" हे वाक्य मी उच्चारलंच नाही. मी विचारलं, "काकाजी, पगार किती द्यायचा हे कोण ठरवत होतं?"

"ऑफिस."

"वेतननिश्चितीच्या कागदावर सही कोणाची?"

"साहेबाची. मले तर तो कागद दाखवलाही नाही."

"मग खोटी माहिती कोणी दिली? जन्मतारीख, शिक्षण, हजेरी, काही लपवलं होतं?"

बराच वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "नाही जी. मी तं काही अर्जच केला नव्हता."

हा मुद्दा मनाच्या समाधानापुरता नाही, कायद्याचा पाया आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या निकालात सांगितलं, की कर्मचाऱ्याची फसवणूक नसताना, प्रशासनाच्या चुकीनं जादा पैसे गेले असतील, तर काही परिस्थितींत वसुली करता येणार नाही. गट क आणि गट ड चे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, आणि वसुलीचा आदेश निघण्याआधी पाच वर्षांहून जास्त काळ चालत आलेलं जादा वेतन, हे त्यात स्पष्ट येतं. काकाजी तिन्हींत बसत होते.

दुसरी गोष्ट घरच्या नियमांतली आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधला नियम १३४-अ निवृत्त माणसाकडून जादा रक्कम वसूल करायची मुभा देतो, पण आधी कारणे दाखवायची वाजवी संधी द्या असंही बजावतो. पत्र आलं आणि पुढच्याच महिन्यात कापलं, असं चालत नाही. या संधीत तुम्ही काय लिहिता त्यावर पुढचं बरंच अवलंबून असतं.

आणि तिथेच लोक फसतात. घाबरून लिहून देतात, "मला मान्य आहे, पण एवढे पैसे एकदम भरू शकत नाही, हप्ते पाडून द्यावेत." दयेच्या आशेनं लिहिलेला हा अर्ज उद्या न्यायालयात तुमची संमती म्हणून दाखवला जातो. २०१६ मध्ये जगदेव सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वसुली योग्य ठरवली. कारण जास्त वेतन घेतानाच, जादा गेलं तर परत करीन, असं हमीपत्र त्यांनी दिलेलं होतं. म्हणून छापील संमतीपत्रावर सही करू नका, आणि पूर्वी वेतनआयोगाच्या वेळी असं काही लिहून दिलं होतं का, ते नक्की तपासा. दिलं असेल तर ते वकिलाला आधीच सांगा, लपवू नका.

काकाजींना मी पुढच्या भेटीसाठी काम दिलं. माहिती अधिकारात चार गोष्टी मागवायच्या: वसुलीच्या मूळ आदेशाची प्रत, महिनेवार हिशेबाचा तक्ता, सेवापुस्तकाची संपूर्ण छायाप्रत, आणि कार्यालयाकडे असलेलं त्यांच्या सहीचं कोणतंही हमीपत्र. माहिती तीस दिवसांत द्यायची असते. पत्राच्या उत्तराची मुदत त्याआधी संपत होती, म्हणून आधी छोटं उत्तर पाठवलं, की कागद मागवले आहेत, ते मिळेपर्यंत वसुली करू नये, सविस्तर म्हणणं नंतर देतो. रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह, आणि एक प्रत कोषागार अधिकाऱ्याला. प्रत्यक्ष कपात कोषागारातूनच होते, हे बरेच जण विसरतात.

कागद आले. तक्ता घेऊन काकाजी माझ्यासमोर बसले, चष्मा नाकावर, बोट एकेका ओळीवर. मी गप्प होते. वीस वर्षांचे महिने, प्रत्येकासमोर "दिलेलं" आणि "देय". सुरुवातीला महिन्याला दीड-दोनशेचा फरक, शेवटी महागाई भत्त्यासह दीड हजाराच्या आसपास. बोट २००९ च्या पावसाळ्यावर थांबलं.

"हे चूक आहे."

"काय चूक आहे?"

"या चार महिन्यांत मी कामावरच नव्हतो. कालव्यावर पाय घसरून मांडीचं हाड मोडलं होतं. अर्धपगारी रजा होती. इथं पूर्ण पगार घेतला असं लिहिलं आहे."

सेवापुस्तक उघडलं. रजेची नोंद त्यात होती, लाल शाईत, साहेबाच्या सहीसह. म्हणजे तक्ता पगारपत्रकांवरून नाही, वेतनश्रेणीवरून टेबलावर बसून केलेला होता.

रक्कम म्हणावी तर किरकोळ. पण काकाजींचा चेहरा मी विसरणार नाही. आरोपी म्हणून आत आलेला माणूस आता हिशेब तपासत होता. ताठ बसून म्हणाले, "मॅडम, यायनं माझ्या नावावर मी न घेतलेला पैसा टाकला. मी काहून लपून बँकेत जाऊ?" असा क्षण माझ्या समजुतीनं धीराच्या शब्दांनी येत नाही, कागदावर स्वतःच्या बोटानं चूक सापडली की येतो. म्हणून तक्ता मी माणसाच्या वतीनं कधी वाचत नाही, त्याच्याच हाती देते.

त्याच दिवशी सविस्तर उत्तर तयार झालं. भाषा साधीच होती:

"मी गट ड मधून निवृत्त झालो आहे. वेतननिश्चिती कार्यालयाने केली, मी कोणतीही चुकीची माहिती दिलेली नाही. मागितलेली रक्कम पाच वर्षांहून जुन्या काळापासूनची आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ डिसेंबर २०१४ च्या निकालानुसार ती माझ्याकडून वसूल करता येत नाही. तक्त्यात २००९ मधील अर्धपगारी रजेचा काळ पूर्ण वेतनाने धरला आहे, नोंद सोबत जोडली आहे. कोणतीही वसुली मला मान्य नाही."

त्या रात्री नागपूरच्या पोराला त्यांनी स्वतः फोन केला. बांधी विकायचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

पुढे काय झालं तेही खरंखरं सांगते. कार्यालयाने तक्ता दुरुस्त केला, रक्कम थोडी कमी झाली, वसुली मात्र कायम ठेवली. मग काकाजी वकिलामार्फत महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या नागपूर खंडपीठात गेले आणि वसुलीला स्थगिती मिळाली. पेन्शन मात्र योग्य वेतनावर पुन्हा काढली गेली आणि महिन्याला काही रुपये कमी झाले. हे ऐकून अनेकांना राग येतो. पण मागचं परत मागणं आणि पुढचं दुरुस्त करणं, ही दोन वेगळी कामं आहेत. रफिक मसीहचा निकाल पहिल्याला आडवा येतो, दुसऱ्याला नाही. ही तडजोड काकाजींनी मान्य केली. "जे माझं नाही ते नको जी, पण जुनं मले मागू नका," असं त्यांचं म्हणणं.

हा मार्ग सगळ्यांना जसाच्या तसा लागू पडत नाही. तुमचं जादा पैशाचं प्रकरण पगारातलं नसून पेन्शनमधलंच असेल, समजा अंशराशीकरणाची, म्हणजे पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेतल्याबद्दलची, कपात कोषागाराने केलीच नाही, तर बाजू कमकुवत असते. पेन्शनच्या आदेशात कमी आकडा आणि पासबुकात जास्त, हे दिसत असतं, आणि पेन्शनच्या कागदांत बहुधा जादा रक्कम परत करण्याची हमीही दिलेली असते. तिथे हिशेब तपासा, आणि खरा निघाला तर हप्ते लहान पाडून मागा. नियम १३४-अ मध्येच हप्त्यांची सोय आहे, आणि पेन्शन शासनाने ठरवलेल्या किमान रकमेखाली जाऊ नये असंही आहे.

राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी न्यायाधिकरण आहे, जिल्हा परिषदेच्या शिक्षक-सेवकांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जायचं असतं. न्यायाधिकरणात अंतिम आदेशापासून एक वर्षाची मुदत. निवेदन दिलं आणि सहा महिने उत्तर आलं नाही, तर त्या सहा महिन्यांनंतरचं एक वर्ष. दरम्यान कपात सुरू झालीच, तर पहिल्याच महिन्यात लेखी हरकत पाठवा आणि पासबुकाच्या त्या पानाची झेरॉक्स जोडा. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना तिथे उत्पन्न न बघता वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या दाखल्यावर.