आकड्याआधी पिशवी बघ

प्रिय डॉक्टर,

तुझा मेसेज वाचला. बुरशीवरच्या व्होरिकोनाझोलची रक्तातली पातळी 0.3 आली, आणि गोळी दुप्पट करू का असं तू विचारते आहेस. नको करूस. माझं सांगणं एकच आहे आणि तू ते याआधीही ऐकलं आहेस: आकड्याआधी पिशवी बघ. पेशंटची औषधांची प्लास्टिकची पिशवी टेबलावर ओत. नमुना किती वाजता घेतला आणि आधीची गोळी किती वाजता गेली, हे लिहून काढ. या दोन गोष्टी हातात नसताना 0.3 हा आकडा वाचताच येत नाही.

तुझ्याच पेशंटवरून बघू. वजन 50 किलो, सीओपीडीसाठी महिनोन्महिने स्टेरॉइड, छातीत पोकळीसारखी सावली. टीबी धरून एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्या, सुरू झाली. पुढे दुर्बिणीच्या तपासणीतून फुप्फुस धुऊन काढलेल्या पाण्यात गॅलॅक्टोमॅनन पॉझिटिव्ह आलं, बुरशी वाढली, टीबीचा पुरावा कुठेच मिळाला नाही. एकेटी थांबवून व्होरिकोनाझोल 200 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिलं. इथपर्यंत ठीक. पण केसपेपरवर तू 'एकेटी बंद' एवढंच लिहिलंस. कधी बंद? तुझ्या मेसेजवरून मी हिशेब केला, तर नमुना घेतला त्या दिवशी सहा दिवस झाले होते.

एकेटीतलं रिफॅम्पिसिन यकृतातली औषधं फोडणारी एन्झाइम्स इतकी वाढवतं की व्होरिकोनाझोलचं रक्तातलं एकूण प्रमाण नव्वद टक्क्यांहून जास्त घटतं. म्हणूनच ही दोन औषधं एकत्र देऊच नयेत असं ठरलेलं आहे. गोळी बंद केली म्हणून एन्झाइम्स दुसऱ्या दिवशी खाली येत नाहीत, त्याला साधारण दोन आठवडे लागतात, कधी जास्तही. शिवाय घरी उरलेल्या स्ट्रिप संपवायची आपल्याकडे सवय आहे, तेव्हा लघवीचा रंग विचार. अजून नारिंगी होत असेल तर एकेटी बंद झालेली नाही, तुझ्या कागदावर काहीही असो.

आता वेळ. तुला हवी आहे ती पुढच्या डोसच्या अगदी आधीची, म्हणजे सगळ्यात खालची पातळी. ती साधारण 1 ते 5.5 मिलिग्रॅम प्रति लिटर असावी. एकच्या खाली बुरशी दबत नाही. साडेपाचच्या वर भास, गोंधळ आणि यकृताचा त्रास वाढतो. तुझा पेशंट राजापूरकडून सकाळच्या एसटीने आला, गोळी घरून घेऊन निघाला आणि रक्त काढलं अकराला. म्हणजे गोळी पोटात गेल्यावर तीन-चार तासांनी, पातळी चढलेली असायला हवी तेव्हाही 0.3! खरी खालची पातळी याहून कमी असणार. पुढच्या वेळी त्याला सांग, सकाळची गोळी खिशात घेऊन ये, रक्त दे आणि मग गीळ. गोळी आणि पेज यांत तासाभराचं अंतर हवं, पेज आधी असो वा नंतर. फॉर्मवर दोन्ही वेळा लिही. नमुना मुंबईला जाणार असेल तर लॅबला आधी फोन कर, कारण काही लॅब जेलची नळी घेत नाहीत. सिरम वेगळं करून बर्फाच्या पॅकवर पाठव, अख्खं रक्त घाटातून हेलकावे खात जायला नको.

दुप्पट का नको, तेही ऐक. हे औषध सरळ हिशेबाने चढत नाही. यकृताची फोडण्याची ताकद भरली की थोड्या डोसने पातळी एकदम उसळते. तोंडाने 200 ची 300 केली की रक्तातलं एकूण प्रमाण दीडपट होत नाही, सरासरी अडीचपट होतं. आज तू 400 दोनदा देशील आणि आठवड्याने 'आली एकदाची पातळी' म्हणून खूश होशील. तोवर रिफॅम्पिसिनचा असर ओसरत असेल, गोळी तीच राहील आणि पातळी दहाच्या घरात जाईल. मग म्हातारा रात्री भिंतीवर माणसं बघेल आणि घरचे बाहेरचं काही लागलं म्हणून दुसरीकडे घेऊन जातील. गोळीनंतर अर्ध्या तासात डोळ्यांपुढे चमकतं आणि थोड्या वेळाने जातं, ते वेगळं. ते बऱ्याच जणांना होतं आणि त्यासाठी औषध थांबवायचं नसतं. नसलेली माणसं दिसू लागली की मात्र त्याच दिवशी नमुना घे.

मग करायचं काय? त्याला भरती कर आणि हे दोन आठवडे लायपोसोमल अँफोटेरिसिनवर काढ. पोसाकोनाझोल किंवा इसाव्हुकोनाझोलवर उडी मारू नकोस, रिफॅम्पिसिन त्यांनाही खाली आणतं. किलोला 3 मिलिग्रॅम म्हणजे रोज 150, म्हणजे 50 च्या तीन बाटल्या. पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्येच द्यायचं. सलाइनमध्ये ते साकळतं, म्हणून लाइनही डेक्स्ट्रोजनेच धू. बाटलीवरचं नाव स्वतः वाच. साधं अँफोटेरिसिन या डोसमध्ये गेलं तर माणूस दगावतो, आणि दुकानदार 'तेच आहे मॅडम' म्हणून काहीही हातात ठेवतो. क्रिएटिनिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम बघत राहा. त्याला स्टेरॉइड आणि साल्ब्युटामॉलची वाफही चालू आहे, दोन्ही पोटॅशियम खाली ओढतात.

दोन आठवड्यांनी व्होरिकोनाझोल परत सुरू करशील तेव्हा पहिल्या दिवसाचा मोठा डोस विसरू नकोस: 400 मिलिग्रॅम, बारा तासांनी पुन्हा 400, मग 200 दोनदा. पाचव्या दिवशी पातळी, आणि आठवड्याने परत, कारण उरलेला असर ओसरताना ती वर सरकते. सूज, ताप उतरला की उलट थोडी खाली येते. कुठलंही औषध सुरू किंवा बंद झालं की पुन्हा नमुना.

आणि पिशवी परत ओत. त्यात ग्लिमेपिराइड आहे, तू मेसेजमध्ये ते शेवटी, जाता जाता लिहिलंस. स्टेरॉइड आणि एकेटी चालू असताना साखर चढली म्हणून कोणीतरी ते वाढवलं असणार. आता रिफॅम्पिसिन निघालं, स्टेरॉइड उतरतंय, आणि व्होरिकोनाझोल ग्लिमेपिराइडला रक्तात धरून ठेवणार. तिन्हीचं मिळून पहाटे साखर कोसळेल. आजच कमी कर आणि पहाटेची साखर बघ. पोटासाठी ओमेप्राझोल असेल तर पँटोप्राझोल दे, कारण ओमेप्राझोल व्होरिकोनाझोलची पातळी वाढवतं. मुंबईच्या चाकरमानी मुलाने पाठवलेल्या फिटच्या वगैरे गोळ्या निघाल्या तर मला लगेच फोन कर. कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटोन रिफॅम्पिसिनसारखंच वागतात.

मी एकच गोष्ट उगाळतो अशी तुमच्या बॅचची तक्रार आहे, मला माहीत आहे. उगाळतो. कारण लॅबचा कागद हाती आला की सगळे डोसशी झटापट करतात आणि पिशवी खुर्चीखाली तशीच राहते. तुझं डोकं चांगलं आहे, म्हणूनच राग येतो. प्रश्न विचारायला तू थांबलीस, हे बरं केलंस.

आज संध्याकाळच्या राउंडआधी मला तीन ओळी पाठव: शेवटची एकेटी कोणत्या तारखेला, लघवीचा रंग आणि आजचं पोटॅशियम. अँफोटेरिसिनच्या बाटल्या रत्नागिरीत मिळाल्या नाहीत तर कोल्हापूरला विचार. पाऊस वाढलाय, घाट बंद व्हायच्या आत पहिल्या पाच दिवसांचा साठा मागवून ठेव.

तुझा,
सर