उत्तर: सबमीटरवर युनिटमागे ९ रुपये कुठून आले, आणि घरमालकांना पत्र कसं लिहावं

प्रश्न: फोंड्याला वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो, खाली घरमालक. वीज खात्याचा मीटर एकच, आमच्यासाठी सबमीटर. १ मे रोजी त्यावर ४३१२ होतं, १ जूनला ४५०२. काकांनी १९० युनिटचे ९ रुपयांप्रमाणे १,७१० घेतले. बिलाचा फोटो पाहिला तर ४८० युनिट, एकूण ४,१८० रुपये, त्यात थकबाकी १,९४०. हे बरोबर आहे का? संबंध न बिघडवता पत्र कसं लिहू?

उत्तर:

९ रुपये कुठून आले ते तुमच्याच आकड्यांत दिसतं. ४,१८० ला ४८० ने भागा, ८.७१ येतात. काकांनी बहुधा एवढाच भागाकार केला आणि वर पूर्ण आकडा धरला. लबाडीपेक्षा ही सवयीची चूक असण्याचा संभव जास्त, म्हणून पत्राचा सूर विचारणा करणारा ठेवा, आरोप करणारा नको.

चूक आहे ती थकबाकीत. ते १,९४० मागच्या बिलाचे. त्या महिन्याचा तुमचा वाटा तुम्ही तेव्हाच काकांकडे दिला असेल, तर तीच वीज तुम्ही दुसऱ्यांदा विकत घेताय. बिल वेळेवर न भरल्याचा विलंब आकार त्यात असेल तर तोही तुमच्या माथी येऊ नये. या महिन्याची खरी रक्कम ४,१८० वजा १,९४०, म्हणजे २,२४०. तिला ४८० ने भागलं की युनिटमागे ४.६७. तुमचे १९० युनिट ८८७ रुपयांचे. १,७१० दिलेत, म्हणजे ८२३ जास्त गेले.

आता काका एक गोष्ट म्हणतील, आणि ती अगदीच चुकीची नाही: "तुमच्यामुळे माझं बिल वरच्या टप्प्यात जातं." गोव्यात घरगुती दर शंभर-शंभर युनिटच्या टप्प्यांनी चढतो, तेव्हा या मुद्द्याचं उत्तर आकड्यांतच तयार ठेवा. हिशेब सोपा जावा म्हणून मी टप्प्यांचे दर २, ३, ४, ५ आणि चारशेच्या वर ६ रुपये असे पूर्णांकात धरतो. स्थिर आकार १२० आणि शुल्क वगैरे युनिटमागे ५० पैसे धरले. तुम्ही बिलावर छापलेले खरे आकडे घाला.

४८० युनिट: २०० + ३०० + ४०० + ५०० + (८० × ६ = ४८०) = १,८८०. शुल्क २४०, स्थिर आकार १२०, एकूण २,२४०.
एकट्या काकांचे २९० युनिट असते तर: २०० + ३०० + (९० × ४ = ३६०) = ८६०.

दोन्हींतला फरक १,०२०. त्यात तुमच्या १९० युनिटचं शुल्क ९५ मिळवा, झाले १,११५. म्हणजे वरच्या टप्प्याचा सगळा भार तुमच्यावर टाकला तरी युनिटमागे ५.८७ येतात, ९ नाही. मी मात्र ४.६७ चाच आग्रह धरेन. एका मीटरवर दोन घरं असताना स्वस्त युनिट एकाचे आणि महाग दुसऱ्याचे ठरवायला काही आधार नाही. हीच गोष्ट उलटही लागू होते: "पहिले २०० युनिट माझे धरा" असं तुम्हीही म्हणू नका. आणि पंप, जिन्यातला दिवा हे काकांच्या २९० मध्ये मोजले जात असतील तर तो खर्च सध्या तेच उचलताहेत, हे लक्षात असू द्या.

पत्राआधी दोन गोष्टी तपासा. पहिली, पंप चुकून तुमच्या सबमीटरवर तर नाही ना. तुमच्या घरातले सगळे एमसीबी खाली करा आणि सबमीटरवरचा लाल दिवा पाहा. तो पूर्ण थांबला पाहिजे. मग काकांना पंप लावायला सांगा. दिवा लुकलुकू लागला तर पंपाची वायर सबमीटरच्या पुढून घेतलेली आहे. अशा वेळी दर नव्हे, वायरिंग बदलायला हवं, आणि ते काम परवानाधारक वायरमननेच करावं.

दुसरी, सबमीटर पळतो का. त्यावर 3200 imp/kWh असं काही छापलेलं असतं, म्हणजे एका युनिटला ३,२०० लुकलुक. बाकी सगळं बंद ठेवून १,००० वॅटची पाणी तापवायची रॉड प्लास्टिकच्या बादलीत लावा (चालू असताना पाण्याला हात नको) आणि एक मिनिट मोजा. ५३ च्या आसपास यायला हवेत. कमी आले तर लगेच मीटर संथ ठरवू नका. रॉड २३० व्होल्टची असेल आणि व्होल्टेज २१० वर उतरलेलं असेल, तर ती १,००० ऐवजी ८३० वॅटच घेते आणि ४४ येतात. साठ-सत्तर आले, तर मात्र मीटर बदलून घ्या. इस्त्री या चाचणीला चालत नाही, ती मध्येच आपोआप बंद होते.

आणखी एक बारकावा: तुमचं रीडिंग १ तारखेला होतं, वीज खात्याचं वेगळ्या दिवशी. त्यामुळे तुमचे १९० आणि बिलातले ४८० तंतोतंत एकाच काळातले नाहीत. वर्षभरात हे बरंचसं भरून निघतं, पण मे महिन्यात एसी चालला असेल तर त्या एका बिलात फरक दिसतो. खात्याचा माणूस येईल त्याच दिवशी सबमीटरचा फोटो काढायचा, एवढं ठरवलं की पुरे.

पत्र असं लिहा:

"आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.
मे महिन्याच्या विजेचे १,७१० रुपये मी दिले आहेत. तुम्ही दाखवलेल्या बिलावरून हिशेब करून पाहिला, त्यात एक शंका आली.
बिल ४,१८० चं असलं तरी त्यात मागची थकबाकी १,९४० आहे. त्या महिन्याचा माझा वाटा मी तेव्हाच दिला होता. थकबाकी वगळता या महिन्याचे २,२४० होतात. ४८० युनिटने भागता युनिटमागे ४.६७.
माझं रीडिंग ४५०२ वजा ४३१२, म्हणजे १९० युनिट. त्याचे ८८७ रुपये होतात. १,७१० मधून वजा जाता ८२३ जास्त गेले आहेत असं दिसतं. माझं काही चुकत असेल तर जरूर सांगा.
हिशेब बरोबर वाटला तर ही रक्कम पुढच्या बिलात वळती करावी. मागच्या तीन महिन्यांची बिलंही पाहायला मिळाली तर बरं होईल. यापुढे वीज खात्याचं रीडिंग होईल त्याच दिवशी आपण दोघांनी मिळून सबमीटर पाहावा, आणि थकबाकी वगळून त्या महिन्याच्या सरासरी दराने माझा वाटा धरावा, अशी विनंती.
सोबत दोन्ही रीडिंगचे फोटो आणि बिलाची प्रत जोडली आहे.
आपला,
(नाव, तारीख)"

"माझा वाटा तेव्हाच दिला होता" हे वाक्य लिहिण्याआधी त्या महिन्याची यूपीआयची नोंद शोधून ठेवा. रोख दिले असतील आणि पावती नसेल, तर त्या वाक्याऐवजी "माझा वाटा दिल्याचं मला आठवतं, तुमच्याकडे नोंद असेल तर पाहावी" असं लिहा. कायद्याची कलमं या पत्रात घालू नका. पत्र हातात द्या, काकांसमोर बसून भागाकार एकदा त्यांनाच करू द्या, आणि त्याची प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा म्हणजे तारखेची नोंद राहील.

हिशेब मान्य करूनही ते ९ वरच अडून बसले, तर त्यांच्या संमतीने वरच्या मजल्याला वीज खात्याचं स्वतंत्र कनेक्शन घेण्याचा विषय काढा. वरच्या दरांनुसार तुमचे १९० युनिट एकटे मोजले तर वीज आणि शुल्क मिळून ५६५ रुपये होतात, वर तुमच्या मंजूर भाराचा स्थिर आकार. काकांचं बिलही चारशेच्या टप्प्यातून खाली येतं, त्यामुळे त्यांनाही हा प्रस्ताव पटण्यासारखा आहे.